‘हिअरइनआफ्टर’ खोडा, पण ‘नॉटविथस्टँडिंग’ खोडण्याआधी ते कोणत्या कलमावर उठलंय ते शोधा

प्रश्न: मी ऐरोलीत राहतो. घणसोलीतला वन-बीएचके भाड्याने द्यायचा आहे. एजंटने सात पानी इंग्रजी ड्राफ्ट पाठवला. मला आणि भाडेकरूला, दोघांनाही तो नीट कळत नाही, म्हणून मराठीत करायला घेतला. ‘हिअरइनआफ्टर’च्या जागी ‘यापुढे’ आणि ‘नॉटविथस्टँडिंग’च्या जागी ‘काहीही असले तरी’ घातले, तर वाक्ये आणखीच अगम्य झाली. हे शब्द सरळ खोडून टाकले तर चालेल का? की कायद्याने ठेवावेच लागतात?

उत्तर:

कायद्याने यातला एकही शब्द ठेवावा लागत नाही. पहिला बिनधास्त खोडा. दुसरा खोडण्याआधी मात्र थांबा, कारण तो कशासाठी आलाय हे न पाहता काढला तर तुमच्या करारातला एखादा मुद्दा निकालाविना लटकत राहील. मी ठाण्यात वकिली करतो आणि वीसेक वर्षे लिव्ह अँड लायसन्सचे करार लिहितो आहे. माझ्याकडे वाद होऊन आलेल्या करारांत घोटाळा बहुतेक वेळा या दुसऱ्या शब्दाच्या आसपास सापडतो.

आधी सोपे संपवू. तुमच्या ड्राफ्टच्या पहिल्या पानावर तुमचे नाव, वय, पत्ता आणि त्यापुढे ‘हिअरइनआफ्टर कॉल्ड द लायसन्सर’ असे असेल. याचा अर्थ एवढाच की पुढे प्रत्येक वेळी पूर्ण नाव न लिहिता ‘लायसन्सर’ म्हणणार. मराठीत नाव-पत्त्यानंतर कंसात ‘मालक’ असे लिहिले की काम झाले. ‘ज्यांचा उल्लेख यापुढे मालक असा करण्यात आलेला आहे’ हे शेपूट लागत नाही. जुन्या दस्तांत इथे ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असते. खरेदीखतात ते खपून जाते, पण भाड्याच्या करारात माणसे गोंधळतात. लिहून घेणार म्हणजे घर घेणार की करार घेणार, हा प्रश्न मला निबंधक कार्यालयाच्या व्हरांड्यात उभे राहून किती तरी वेळा सोडवावा लागला आहे.

एकदा ‘मालक’ म्हटले की शेवटच्या पानापर्यंत ‘मालक’च. दुसऱ्या पानावर ‘घरमालक’, चौथ्यावर ‘पहिला पक्ष’, सहाव्यावर ‘लायसन्सर’ असे झाले तर वाचणाऱ्याला वाटते की चार वेगळी माणसे आहेत. ठिकठिकाणचे ड्राफ्ट जोडून नवा बनवला की हे हमखास होते.

समोरच्या माणसाला मात्र करारात ‘भाडेकरू’ म्हणू नका आणि महिन्याच्या पैशाला ‘भाडे’ म्हणू नका. बोलताना आपण सगळे तेच म्हणतो, या उत्तरातही मी म्हणेन. पण कागदावर ‘लायसन्सी’ आणि ‘लायसन्स शुल्क’ ठेवा. लायसन्स म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी. ती १८८२ च्या ईझमेंट्स कायद्याच्या कलम ५२ मधून येते. भाडेपट्ट्यात जागेतला हक्क दुसऱ्याकडे जातो; ती गोष्ट मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ मधली. मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घर परत मागण्याचा जो वेगळा मार्ग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ ने दिला आहे, तो लायसन्ससाठी आहे. कोर्ट नुसत्या शब्दावर जात नाही, सगळा करार आणि प्रत्यक्ष व्यवहार पाहते, हे खरे. तरी समोरच्याच्या वकिलाच्या हातात आपणच आयता मुद्दा का द्यायचा? सोपे लिहिताना काही शब्द अवघडच ठेवावे लागतात, त्यातले हे दोन.

‘हिअरइनआफ्टर’च्या पाठोपाठ कंसात एक लांबलचक मजकूर असतो: या शब्दात त्यांचे वारस, उत्तराधिकारी, असाइन्स, एक्झिक्युटर्स वगैरे सगळे आले असे समजावे. ‘हिअरइनआफ्टर’बरोबर हा कंस उडवू नका, पण आहे तसा ठेवूही नका. तुमच्या बाजूला वारसांचा उल्लेख उपयोगाचा आहे. त्याचे वेगळे वाक्य करा: ‘मुदतीत मालकाचे निधन झाले तर हा करार उरलेल्या मुदतीपुरता त्यांच्या वारसांवर बंधनकारक राहील.’ लायसन्सीच्या बाजूला मात्र तोच कंस चिकटवलेला असतो, ‘असाइन्स’सकट. असाइन म्हणजे ज्याच्या नावे हक्क पुढे करून दिला तो माणूस. लायसन्स हे त्या माणसापुरतेच असते. ईझमेंट्स कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे करारात वेगळा हेतू दिसत नसेल तर ते दुसऱ्याला देता येत नाही. मग आपल्याच करारात लायसन्सीच्या व्याख्येत ‘असाइन्स’ घालून तो वेगळा हेतू असल्याचा संशय कशाला निर्माण करायचा? चौथ्या पानावर ‘घर दुसऱ्याला देता येणार नाही’ म्हणायचे आणि पहिल्या पानावर तो दुसरा माणूस व्याख्येत बसवून ठेवायचा, असे मी डझनांनी पाहिले आहे. लायसन्सीच्या नावापुढे कंसात फक्त ‘लायसन्सी’.

याच कुळातला ‘डेट हिअरऑफ’ पाहून घ्या. ‘सहा महिने फ्रॉम द डेट हिअरऑफ’ म्हणजे या कराराच्या तारखेपासून. पण कराराची तारीख कोणती? सही २० मे ला आणि किल्ली १ जूनला, असे नेहमीच होते. मग लॉक-इन, म्हणजे कोणी करार मोडायचा नाही असा सुरुवातीचा काळ, १९ नोव्हेंबरला संपतो की ३० नोव्हेंबरला? ‘या कराराच्या दिनांकापासून’ असे भाषांतर केलेत तर प्रश्न जसाच्या तसा मराठीत आला. तिथे दोन्ही तारखा आकड्यात लिहा, बस.

आता ‘नॉटविथस्टँडिंग’.

कोपरखैरणेतल्या एका घराचा करार माझ्याकडे वाद झाल्यावर आला होता. मुदत २२ महिने, शुल्क महिना २४,००० रुपये, डिपॉझिट एक लाख. राहायला आलेला मुलगा एका कंपनीत नोकरीला. १ जूनला राहायला आला, ऑगस्टमध्ये पुण्याला बदली झाली, ३१ ऑगस्टला लेखी नोटीस दिली आणि ३० सप्टेंबरला किल्ली परत केली. मालकाने लाखातून ४८,००० कापून घेतले. कारण लॉक-इन सहा महिन्यांचे, राहिला चारच, उरलेल्या दोन महिन्यांचे शुल्क द्यावे लागणार. मुलगा म्हणाला, करारात एक महिन्याची नोटीस देऊन कोणीही सोडू शकतो असे लिहिले आहे, मी ती दिली. दोघेही खरे बोलत होते. नववे कलम लॉक-इनचे होते, तेरावे नोटिशीचे.

नवव्या कलमाची सुरुवात ‘नॉटविथस्टँडिंग एनीथिंग कंटेन्ड हिअरइनअबव्ह’ अशी होती. मराठीत सांगायचे तर, ‘वर काहीही लिहिलेले असले तरी’ पहिले सहा महिने कोणी सोडायचे नाही. मालकाला वाटत होते की या वाक्याने लॉक-इन सगळ्यांवर भारी झाले. पण शब्द ‘वर’ असा आहे, आणि नोटिशीचे कलम वर नव्हतेच, ते खाली तेरावे होते! मुलाच्या वकिलाने नेमके यावरच बोट ठेवले: लॉक-इन फक्त पहिल्या आठ कलमांना हरवते, तेराव्याला नाही.

हे झाले कसे, ते मी मागे जाऊन शोधले. एजंटच्या मूळ ड्राफ्टमध्ये लॉक-इनचे कलम सतरावे, म्हणजे जवळजवळ शेवटचे होते. तिथून पाहिले तर सगळेच ‘वर’ होते आणि वाक्य बरोबर होते. कोणीतरी सोयीसाठी ते उचलून शुल्काच्या कलमाखाली नवव्या जागी आणून ठेवले. एक अक्षर बदलले नाही आणि अर्थ बदलला. ‘हिअरइनअबव्ह’, ‘हिअरइनबिलो’, ‘हिअरइनआफ्टर कंटेन्ड’ हे दिशा दाखवणारे शब्द आहेत. उभे राहण्याची जागा हलली की बोट भलतीकडे जाते. तुम्ही ‘वर नमूद केल्याप्रमाणे’, ‘खाली दिल्याप्रमाणे’, ‘उपरोक्त’ असे मराठी शब्द घातले तरी हा धोका तसाच राहतो. (प्रकरण शेवटी निम्म्यावर मिटले, २४,००० वर. कोर्टात नेले असते तर फीच जास्त झाली असती.)

तर ‘नॉटविथस्टँडिंग’ काय करते? दोन कलमे एकमेकांविरुद्ध जात असतील तेव्हा कोणाचे चालणार ते सांगते. तुम्ही ‘काहीही असले तरी’ लिहिलेत ते शब्दाला शब्द म्हणून बरोबर आहे. कायद्यांच्या मराठी पाठात ‘या अधिनियमात काहीही अंतर्भूत असले तरी’ असेच असते. भाडे नियंत्रण कायद्यातली तुमच्या कामाची दोन्ही कलमे याच शब्दाने सुरू होतात. कलम २४ म्हणते की या कायद्यात काहीही असले तरी मुदत संपल्यावर लायसन्सीने घर मालकाच्या ताब्यात दिले पाहिजे. कलम ५५ म्हणते की या कायद्यात किंवा दुसऱ्या कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. विधिमंडळाला हे असे मोघम लिहावे लागते, कारण शेकडो कायदे आधीपासून आहेत आणि त्यातले कोणते कुठे आडवे येईल हे एकेक नाव घेऊन सांगता येत नाही. तुमच्याकडे सात पाने आहेत. कोणते कलम कोणाला आडवे येते ते तुम्ही एका संध्याकाळी शोधू शकता. मग मोघम कशाला लिहायचे?

मी करतो ते असे. ड्राफ्टची प्रिंट काढायची. ‘नॉटविथस्टँडिंग’ असेल तिथे पेन्सिलने गोल करायचा. प्रत्येक गोलासमोर समासात लिहायचे, हे कलम कोणाशी भांडतंय? ‘नऊचे तेराशी’ असे उत्तर मिळाले तर ते खरे आहे, ठेवायचे, फक्त नाव घेऊन लिहायचे. उत्तर मिळालेच नाही, म्हणजे ते कोणाशीच भांडत नाही, तर शब्द नुसता भारदस्त दिसण्यासाठी आलाय, खोडायचा. ‘नॉटविथस्टँडिंग एनीथिंग, लायसन्सी वीज बिल भरेल’ असे वाक्य मी पाहिले आहे. वीज बिल मालक भरेल असे करारात कुठेच म्हटलेले नव्हते. साध्या घराच्या करारात असे पाच-सहा गोल पडले, तर त्यातले खरे दोन-तीनच निघतात असा माझा अनुभव.

या खोडाखोडीत ‘सब्जेक्ट टू’लाही गोल करा. तो ‘नॉटविथस्टँडिंग’चाच आरसा आहे. ‘नॉटविथस्टँडिंग’ जिंकणाऱ्या कलमात बसते, ‘सब्जेक्ट टू’ हरणाऱ्या कलमात. बाजारात फिरणाऱ्या एका नमुन्यात करार रद्द करण्याचे कलम असे सुरू होते: लॉक-इनच्या अटीच्या अधीन राहून, लायसन्सीने शुल्क थकवले किंवा अटी मोडल्या तर मालक एक महिन्याची नोटीस देऊन लायसन्स रद्द करू शकतो. ‘अधीन राहून’ म्हटले की माणूस डोळे मिटून पुढे जातो. जरा थांबून साध्या मराठीत म्हणून पाहा: ‘लॉक-इन चालू असताना हे कलम चालणार नाही.’ म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत लायसन्सीने एक रुपयाही दिला नाही तरी, शब्दशः वाचले तर, मालकाला या कलमाखाली नोटीस देता येत नाही. मालकाला हे हवे असते का? मुळीच नाही. त्याला नोटीस देऊन सोडणे तेवढे लॉक-इनच्या अधीन ठेवायचे असते, थकबाकी नाही. अवघड शब्दाचा हा खरा तोटा. तो नुसता वाचायला जड नसतो, त्याच्या आड चूक लपते. मराठीत साधे वाक्य करायला बसलात की ती आपोआप समोर येते.

आता लिहायचे कसे. मराठीला ‘नॉटविथस्टँडिंग’साठी वेगळा शब्द लागत नाही. आपल्याकडे ‘तरी’ आहे, आणि शब्दाला लागणारा ‘ही’ आहे. ‘लॉक-इनच्या काळातही मालक नोटीस देऊ शकतो’ यातला ‘ही’ अख्ख्या ‘नॉटविथस्टँडिंग एनीथिंग कंटेन्ड हिअरइनअबव्ह’चे काम करतो, आणि कोणत्या गोष्टीवर मात करायची तेही सांगतो. ‘सब्जेक्ट टू’साठी ‘सोडून’ किंवा ‘एरवी’ पुरते: ‘पहिले सहा महिने सोडून, दोघांपैकी कोणीही नोटीस देऊ शकतो.’

पण याहून बरा उपाय म्हणजे भांडणारी कलमे वेगवेगळ्या पानांवर ठेवायचीच नाहीत. नऊ, तेरा आणि थकबाकीचे, अशी तिन्ही उचलून एकाखाली एक आणायची. जवळ आली की कोण कोणावर भारी ते सांगायला एखादा शब्द पुरतो. तुमचा करार १ जून २०२६ ला सुरू होणार असे धरून मी ते असे लिहीन:

‘मुदतीआधी करार संपवणे. १ जून २०२६ ते ३० नोव्हेंबर २०२६ हे सहा महिने लॉक-इनचे आहेत. या काळात लायसन्सीने घर सोडायचे नाही आणि मालकाने सोडायला सांगायचे नाही. लायसन्सीने तरीही सोडले तर ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंतचे उरलेले शुल्क मालक डिपॉझिटमधून वळते करून घेईल. मालकाने सोडायला लावले तर तो लायसन्सीला दोन महिन्यांच्या शुल्काइतकी भरपाई देईल.

लॉक-इननंतर दोघांपैकी कोणीही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो. ही नोटीस लॉक-इन संपण्याआधी दिली तरी चालेल, पण करार १ डिसेंबर २०२६ च्या आधी संपणार नाही.

लायसन्सीने लागोपाठ दोन महिन्यांचे शुल्क दिले नाही, किंवा घर दुसऱ्या कोणाला राहायला दिले, तर मालक लॉक-इनच्या काळातही पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो.’

यात ‘वर’, ‘खाली’, ‘उपरोक्त’ नाही आणि दुसऱ्या कलमाचा क्रमांकही नाही. क्रमांक मी शक्यतो टाळतो. शेवटच्या क्षणी पार्किंगचे एखादे कलम काढले की खालचे सगळे आकडे एकाने सरकतात आणि ‘कलम १३ प्रमाणे’ लिहिलेले बोट पाळीव प्राण्यांच्या कलमाकडे जाते. दुसऱ्या कलमाचा उल्लेख करावाच लागला तर त्याच्या नावाने करा: ‘डिपॉझिटच्या कलमात ठरल्याप्रमाणे’. त्यासाठी प्रत्येक कलमाला दोन-तीन शब्दांचे नाव द्या.

नोटीस लॉक-इन संपण्याआधी देता येते की नाही, हे वाक्य मी मुद्दाम घातले आहे. मूळ इंग्रजी ड्राफ्टमध्ये याचे उत्तर नसतेच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नोटीस देऊन १ डिसेंबरला निघणारा लायसन्सी आणि ‘लॉक-इन संपल्यावर नोटीस, मग आणखी एक महिना’ म्हणणारा मालक, असा २४,००० रुपयांचा वाद दर वर्षी येतो.

एक अडचण उरते. दोन ‘नॉटविथस्टँडिंग’ एकमेकांसमोर आले तर? लॉक-इनचे कलम म्हणते ‘काहीही असले तरी’ सहा महिने कोणी हलायचे नाही. सोळावे कलम म्हणते ‘काहीही असले तरी’ सोसायटीने हरकत घेतली तर सात दिवसांत घर सोडावे. दोघेही राजे. अशा वेळी कोर्ट आधी दोन्ही कलमे एकत्र नांदतील असा अर्थ लावून पाहते. तसे होत नसेल आणि नंतरचे कलम आधीच्याने दिलेले पूर्ण रद्दच करत असेल, तर दस्तात आधीचे कलम टिकते, असा जुना नियम आहे. प्रिव्ही कौन्सिलने तो शंभर वर्षांपूर्वी सांगितला आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मानला आहे. पण घराच्या करारासाठी तिथवर जायची वेळ येऊ देऊ नका. दुसरा ‘काहीही असले तरी’ दिसला की मालकाला आणि लायसन्सीला समोरासमोर बसवून विचारा: चौथ्या महिन्यात सोसायटीची नोटीस आली तर काय करायचे? कोणाच्या पैशाने? उत्तर येईल ते लिहा. नवी मुंबईत बॅचलर मुलांना देताना हा प्रश्न खरोखर येतो. मी सहसा असे लिहितो: ‘सोसायटीच्या हरकतीमुळे घर सोडावे लागले तर लॉक-इन लागू होणार नाही आणि मालक पूर्ण डिपॉझिट परत करील.’ ही जोखीम लायसन्सीवर टाकायची असेल तरी टाका, फक्त तसे उघड लिहा.

‘नॉटविथस्टँडिंग’ची एक जात मात्र मी सरळ फाडून टाकतो: ‘सध्या अमलात असलेल्या कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी’. हे विधिमंडळ म्हणू शकते. तुम्ही-आम्ही करारात लिहून कायदा बाजूला सारता येत नाही. ‘कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी मुदत संपताच मालक कुलूप बदलेल’ असे लिहिल्याने कुलूप बदलण्याचा अधिकार मिळत नाही. मुदत संपूनही लायसन्सी गेला नाही तर कलम २४ च्या मार्गानेच जावे लागते. तो न गेल्यास ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई देण्याची तरतूद त्याच कलमात आहे. कुलपापेक्षा हे वाक्य साध्या मराठीत करारात टाका, लायसन्सीला आधीच कळलेले बरे.

तसेच, वर लॉक-इनच्या उरलेल्या महिन्यांचे पैसे कापण्याचे जे वाक्य मी दिले, ते कितीही स्वच्छ लिहिले तरी वाद कोर्टात गेला तर १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ आडवे येते. करारात लिहिलेली रक्कम ही कमाल. कोर्ट त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढी देते. तुम्हाला आठवड्यात दुसरा लायसन्सी मिळाला, तर पूर्ण दोन महिन्यांचे पैसे पदरात पडतीलच असे नाही.

नोंदणीचे काय, हेही तुमच्या मनात असेल. मराठी करार नोंदवायला काही अडचण नाही. आणि करार नोंदवला नाही तर इतका खटाटोप वाया जातो, कारण कलम ५५ प्रमाणे लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही मालकालाच आहे. ऑनलाइन नोंदणी करणार असाल तर ठरावीक नमुन्यातली कलमे आधीच असतात आणि तुमची कलमे ‘इतर अटी’ म्हणून शेवटी जोडली जातात. तिथे नमुन्यातले लॉक-इन आणि तुमचे लॉक-इन अशी दोन कलमे एकाच करारात होण्याची शक्यता असते. म्हणून अंगठे देण्याआधी पूर्ण मसुदा वाचा, आणि तुमच्या कलमाच्या आधी एक ओळ टाका: ‘मुदतीआधी करार संपवण्याबाबत या करारात इतरत्र वेगळे लिहिले असले तरी खालील मजकूर लागू होईल.’ हो, हे ‘नॉटविथस्टँडिंग’च आहे. नमुन्यातले कलम तुम्हाला काढता येत नाही, म्हणून इथे ते लागते.

शेवटचे, एजंट बहुधा म्हणेल की मराठी आणि इंग्रजी दोन्ही प्रती जोडू. जोडा, पण दोन्हींत फरक निघाला तर कोणती धरायची ते लिहिल्याशिवाय नाही. तुम्ही दोघे मराठीच वाचणार असाल तर: ‘मराठी आणि इंग्रजी मजकुरात फरक असेल तेथे मराठी मजकूर धरावा.’ हे वाक्य दोन्ही प्रतींत हवे, इंग्रजीतसुद्धा. नाहीतर प्रत्येक प्रत स्वतःलाच खरी म्हणेल.